दोन तासांच्या प्रवासाचे सहा तास

मुंबईच्या लोकलगाडीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. डब्यातील गर्दी, गर्दीतील माणुसकी, दारात लोंबकळणारी तरुण मुले, गाडीतली भजनी मंडळे, या साऱ्यांची वर्णने वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहेत. परंतु गाडीने जाणाऱ्या माणसाचे चोवीस तास नेमके कोठे जातात याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. ‘येण्याजाण्यात चार तास जातात’ असे आपण सहज म्हणतो आणि पुढे जातो. हे चार तास खरोखर चार नसतात, सहा असतात, ही गोष्ट माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला कागदावर मांडून दाखविली. तो हिशेब येथे देत आहे.

ती शहापूरला राहते आणि मुंबईत फोर्ट भागातील एका शासकीय कार्यालयात लिपिक आहे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. शाळेत ती माझ्या वर्गात होती, म्हणून येथे एकेरी उल्लेख करतो. तिचे यजमान शहापूर तालुक्यातच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, मुलगी आठवीत आहे, सासूबाई घरी असतात. ‘मुंबईकडे सरकून का राहत नाही?’ हा प्रश्न तिला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतो. ती मुंबईकडे सरकली तर यजमानांना उलट दिशेने तेवढाच प्रवास करावा लागेल, आणि दोन पगारांतूनही ठाण्याच्या अलीकडे घर होणार नाही, हे उत्तर देऊन देऊन ती थकली आहे. उपनगरी गाडीचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीत मिळतो आणि त्यावर महिनाभर कितीही वेळा जाता येते. इतक्या स्वस्तात इतके दूर राहता येते म्हणूनच माणसे इतकी दूर राहतात. राहिलेली किंमत तासांत चुकती होते.

शहापूरचे स्थानक आसनगाव. गावापासून ते सुमारे तीन किलोमीटरवर आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून आसनगाव सुमारे ८६ किलोमीटर आणि कल्याणपासून ३२ किलोमीटर. जलद लोकलला दोन तासांच्या आतबाहेर वेळ लागतो. वेळापत्रक अधूनमधून बदलते, म्हणून पुढे वेळा देताना मी मिनिटे जवळच्या पूर्णांकात धरली आहेत. हिशेबाला त्याने बाधा येत नाही.

ती पावणेपाचला उठते. स्वयंपाक, तीन डबे, सासूबाईंचे पथ्याचे, स्वतःची आंघोळ, हे सारे उरकून साडेसहाला घराबाहेर पडते. शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबावे लागते. पावणेसातला ती स्थानकावर पोहोचते. सातची लोकल आसनगावहूनच सुटते. नऊला पाचेक मिनिटे असताना ती मुंबईला उतरते, गर्दीतून वाट काढत पायी निघते आणि सव्वानऊला कार्यालयाच्या दारात असते. कार्यालय पावणेदहाला सुरू होते. सायंकाळी सव्वासहाला सुटते. साडेसहाला फलाटावर, पावणेसातची गाडी, पावणेनऊला आसनगाव, पुन्हा रिक्षा भरण्याची वाट, आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी घर.

आता बेरीज करू. साडेसहा ते नऊ वाजून पाच, म्हणजे चौदा तास पस्तीस मिनिटे ती घराबाहेर असते. त्यातले साडेआठ तास कार्यालयाचे. उरले सहा तास पाच मिनिटे. प्रत्यक्ष गाडी चालते ती दोन्ही वेळा मिळून चार तासांहून थोडी कमी. मग वरचे दोन तास कोठे गेले? रिक्षांना आणि चालण्याला सुमारे तास-सव्वातास, फलाटांवर अर्धा तास, आणि कार्यालयाच्या दारात सकाळी सव्वानऊ ते पावणेदहा असा आणखी अर्धा तास. रिक्षा आणि चालणे समजण्यासारखे आहे. शेवटचा अर्धा तास मात्र मला विचित्र वाटला. मी विचारले, ‘‘अगं, मग अर्ध्या तासाने उशिराची गाडी का नाही धरत?’’

ती हसली. म्हणाली, ‘‘सर, डोंबिवलीत राहत असते तर धरली असती.’’

या उत्तराचा अर्थ समजायला रेल्वेच्या रुळांकडे पाहावे लागते. मुंबईपासून कल्याणपर्यंत किमान चार मार्गिका आहेत. जलद आणि धीम्या गाड्या वेगळ्या रुळांवरून धावतात. डोंबिवलीच्या माणसाची सकाळची एक लोकल चुकली तर काही मिनिटांत दुसरी येते. कल्याणच्या पुढे मात्र लोहमार्गाला दोन फाटे फुटतात, एक कर्जतकडे आणि दुसरा कसाऱ्याकडे. कसाऱ्याच्या फाट्यावर जायला एक आणि यायला एक, अशा दोनच मार्गिकांवर सारा कारभार चालतो. तिसरी मार्गिका मंजूर होऊन आणि तिचे काम सुरू होऊनही बरीच वर्षे लोटली आहेत. हा रस्ता १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोहोचला तो घाटापलीकडच्या मुलखाशी मुंबई जोडण्यासाठी. शहापूरच्या लिपिकाला फोर्टात पावणेदहाला पोहोचविणे हा त्याचा हेतू नव्हता. आजही उत्तरेकडून, नाशिककडून, विदर्भाकडून येणाऱ्या मेल-एक्सप्रेस गाड्या आणि मालगाड्या याच दोन रुळांवरून जातात. त्यातच दुर्दैव असे की, रात्रभर धावून आलेल्या लांबच्या गाड्यांची मुंबईत शिरण्याची वेळ आणि नोकरदारांची मुंबईला जाण्याची वेळ नेमकी एकच. त्या सगळ्यांना कल्याणच्या अरुंद तोंडातून आत जायचे असते. यामुळे आसनगावला लोकल दर चार मिनिटांनी येत नाही. सकाळच्या वेळीसुद्धा दोन गाड्यांत अर्ध्या तासाचे, कधी त्याहून अधिक अंतर असते.

आता तिच्या उत्तराचा उलगडा होतो. पावणेदहाला हजर राहायचे तर प्रवासात थोडीफार सूट हाताशी ठेवावी लागते, कारण गाडीला उशीर होतो. शहाणा माणूस दहा मिनिटे ठेवील, फार तर पंधरा. परंतु तिला दहा मिनिटांची सूट घेताच येत नाही. पुढची गाडी साडेसातची. ती वेळेवर आली तर ही बाई बरोबर पावणेदहाला दारात, आणि पाच मिनिटे उशिरा आली तर लेटमार्क. म्हणजे सूट एक तर शून्य मिनिटांची, नाही तर तीस मिनिटांची. दोन गाड्यांत जेवढे अंतर, तेवढ्याच मापाच्या ढेकळांत तिला वेळ विकत घ्यावा लागतो. सुटे मिळत नाहीत. तिच्या प्रवासातील सर्वांत महाग गोष्ट अंतर नव्हे, गाडीचा वेगही नव्हे. कल्याणपलीकडच्या दोन गाड्यांमधली पोकळी ही आहे. फलाटावरच्या वेळेलाही हेच लागू. रिक्षा भरायला तीन मिनिटे जास्त लागली आणि गाडी चुकली, तर तीन मिनिटांचा दंड तीस मिनिटे.

ही सूट खरोखर लागते काय? महिन्यातून तीन-चार वेळा तरी लागते, असे ती म्हणते. एका साध्या सकाळची हकीकत तिने सांगितली. पाऊस नव्हता, संप नव्हता, वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी एक ओळही आली नाही. सातची गाडी वेळेवर सुटली, वासिंद सोडल्यावर खडवलीच्या अलीकडे थांबली. पाच मिनिटे सिग्नलसाठी कोणतीही गाडी थांबते, त्याचे तिला काही वाटत नाही. काळजी केव्हा करायची याच्या तिच्या खुणा ठरलेल्या आहेत. गाडी उभी असताना शेजारच्या कसाऱ्याकडे जाणाऱ्या रुळावरून एकापाठोपाठ गाड्या जात राहिल्या आणि आपल्या रुळावर मात्र हालचाल नाही, तर अडथळा पुढे आपल्याच मार्गावर आहे. डब्यातला पंखा बंद पडून सगळे एकदम शांत झाले, तर वीज गेली आहे आणि प्रकरण लांबणार. तिसरी खूण भ्रमणध्वनीवरची. खर्डी, आटगाव, वासिंद, टिटवाळा अशा स्थानकांवरच्या बायकांचा एक गट आहे. जिची गाडी जेथे असेल तेथून ती दोन शब्दांत कळविते. त्या दिवशी टिटवाळ्याहून कोणी कळविले की पुढे मालगाडीचे इंजिन बिघडले आहे. पंचवीस मिनिटांनी गाडी हलली. ती नऊ वाजून वीस मिनिटांनी मुंबईला उतरली आणि पावणेदहाला पाच मिनिटे असताना कार्यालयात शिरली. वरिष्ठांना काही कळलेसुद्धा नाही. उशीर पस्तीस मिनिटांचा असता तर कळले असते. तीन लेटमार्क झाले की एक नैमित्तिक रजा खर्ची पडते, आणि अशा रजा वर्षाकाठी आठ. मुलीच्या तापासाठी आणि सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी त्या राखून ठेवायच्या असतात.

येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी वाटते. २६ जुलै २००५ सारखा प्रलय आला म्हणजे सारे शहर एकमेकांना सांभाळून घेते. त्या दिवशी कोणी कोणाला लेटमार्क देत नाही. दूर राहणाऱ्या माणसाला मोठ्या संकटापेक्षा ही पस्तीस मिनिटेच अधिक जाचतात. कारण त्यांना पुरावा नसतो. पावणेदहाला हजर असणाऱ्या दादरच्या सहकाऱ्याला खडवलीचे इंजिन दिसत नाही.

घरी तिच्या वाट्याला काय उरते तेही पाहू. पावणेअकरा ते पावणेपाच झोप, सहा तास. सकाळी पावणेदोन तास, सारे कामात. रात्री नऊ-पाच ते पावणेअकरा, म्हणजे एक तास चाळीस मिनिटे. यात जेवण, ओटा आवरणे, उद्याची भाजी, मुलीने काही विचारले तर ते. फुरसत या नावाचा रकाना तिच्या कागदावर होता, पण त्यात आकडा नव्हता. मी जेव्हा विचारले तेव्हा तिने पेन्सिलीने त्यात लिहिले: ‘आसनगाव ते कल्याण’.

हीच तिची मोकळी वेळ. सकाळी गाडी आसनगावहून सुटत असल्याने पंधरा मिनिटे आधी गेले की खिडकीची जागा मिळते. कसाऱ्याहून येणाऱ्या गाडीत ती मिळत नाही. कल्याणपर्यंत जवळजवळ चाळीस मिनिटे डबा शांत असतो. बऱ्याच बायका अर्धवट झोपेत, कोणी मेथी निवडत असते. कल्याणला लोंढा येतो आणि डोंबिवलीनंतर हातात काही धरणे अशक्य होते, कारण समोर उभी असलेली बाई जवळजवळ तुमच्या मांडीवर असते आणि तिन्ही माणसांच्या बाकावर चौथीला सरकवून घेणे हा अलिखित कायदा आहे. तेव्हा जे काही करायचे ते त्या चाळीस मिनिटांत. महिन्याचे कामाचे दिवस वीस धरले तर साधारण तेरा तास होतात.

या तेरा तासांवर तिने विभागीय परीक्षा दिली. ही परीक्षा ठरावीक संधींत पार पडली नाही तर ज्येष्ठता गमवावी लागते. दोन वेळा ती अनुत्तीर्ण झाली होती आणि दोन्ही वेळा रात्री जेवणानंतर अभ्यास केला होता. रात्री दहाला पुस्तक उघडणे म्हणजे झोपेला बोलावणे, हे कळायला दोन संधी गेल्या. तिसऱ्या वेळी तिने पद्धत बदलली. नियमांचे पुस्तक जाड, बैठे. ते गाडीत उघडून धरता येत नाही. म्हणून दर रविवारी आठवड्याच्या पाच दिवसांची पाच पाने ती झेरॉक्स करून घेई आणि एकेक पान प्लॅस्टिकच्या पाकिटात घाली. पान एका हाताने धरता येते, घडी करून पर्समध्ये जाते, भिजत नाही. आसनगाव ते कल्याण ते पान दोनदा वाचायचे. कल्याणला पान आत. पुढे ठाण्यापर्यंत डोळे मिटून त्या पानावरचे नियम स्वतःला विचारायचे: अर्जित रजा किती साठते, परिवर्तित रजा केव्हा मिळते, कोणाच्या मंजुरीने. जेथे अडकली तेवढा नियम संध्याकाळी पुन्हा. ‘महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१’ तिने असे संपविले. रजेचे नियम पाठ करणाऱ्या या बाईला रजा घेता येत नव्हती, हा विनोद तिचाच. ती उत्तीर्ण झाली. गर्दीत डोळे मिटून आठवण्याचा जो भाग होता, त्यानेच खरे काम केले असे तिला वाटते. शिक्षक म्हणून मलाही ते पटते. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा वाचलेले पुस्तक मिटून आठवणे अधिक पक्के बसते.

संध्याकाळच्या गाडीत ती अभ्यास करीत नाही. झोपते. पावणेसातची गाडी सुटण्यापूर्वी सात-आठ मिनिटे फलाटावर येते ती निम्मी भरलेलीच, कारण भायखळा-मशीदकडच्या बायका उलट्या दिशेने बसून आलेल्या असतात. तरी धावपळ करून चौघींत एखादी जागा हाती लागते. जागा मिळाली की ठाण्यापर्यंत पाऊण तास डोळा लागतो. रात्रीच्या सहा तासांत हा पाऊण तास मिळविला तरच दुसऱ्या दिवशी पावणेपाचला उठता येते. माझ्या मते तिच्या दिनक्रमाचा सारा तोल या एका बाकावर आहे.

आता थोडे धोरणाविषयी. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला. पूर्वी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असे आणि मुंबईतील कार्यालये पावणेदहा ते साडेपाच चालत. आता सारे शनिवार सुट्टीचे झाले आणि सुटण्याची वेळ सव्वासहावर गेली. त्या वेळी यावर बराच वाद झाला, पण तो सगळ्यांसाठी जणू एकच हिशेब आहे असे समजून. तसा तो नाही. रोजची पाऊण तासाची वाढ वीस दिवसांत पंधरा तास होते, ती सर्वांना सारखीच. वाचलेले दोन शनिवार मात्र सारखे नाहीत. कार्यालयापासून अर्ध्या तासावर राहणाऱ्याचा पूर्वीचा शनिवार पावणेनऊ तासांचा. दोन शनिवारांचे साडेसतरा तास, म्हणजे त्याचा महिन्याचा नफा अवघा अडीच तास. या बाईचा पूर्वीचा शनिवार प्रवासासह तेरा तास पन्नास मिनिटांचा. दोन शनिवारांचे पावणेअठ्ठावीस तास, त्यातून पंधरा वजा जाता जवळजवळ पावणेतेरा तास तिला मिळाले. तिने मात्र मला लगेच थांबविले. ‘‘सर, शनिवार मिळाला हे खरे. पण मुलगी साडेसातला अभ्यासाला बसते. पूर्वी सव्वाआठला मी तिच्याजवळ असायची. आता येते तेव्हा तिची वही दप्तरात गेलेली असते.’’ तासांची बेरीज तिला कबूल आहे. परंतु गेलेला पाऊण तास आणि मिळालेला शनिवार ही दोन वेगळी नाणी आहेत. एकाने दुसरे विकत घेता येत नाही.

मग करता येण्यासारखे काय आहे? रूळ वाढविणे हा खरा उपाय, आणि तो कार्यालयांच्या हातात नाही. कार्यालयीन वेळा पुढेमागे करण्याची सूचना वारंवार होते. खुद्द मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या मुंबईतील कार्यालयासाठी साडेनऊ ते पावणेसहा आणि साडेअकरा ते पावणेआठ अशा दोन वेळा ठेवल्या आणि इतर आस्थापनांनाही तसे करण्याची विनंती केली. या साऱ्यामागे विचार गर्दी विभागण्याचा आहे आणि तो योग्यच आहे. दूरच्या माणसाची अडचण मात्र त्याने आपोआप सुटत नाही. समजा, या बाईला सकाळी वीस मिनिटे उशिरा येण्याची सवलत दिली. ती साडेसातची गाडी धरील, अर्धा तास उशिरा उठेल. पण तेवढी वीस मिनिटे संध्याकाळी भरून द्यायची म्हटली की पावणेसातची गाडी चुकते आणि पुढची सव्वासातची. सकाळी मिळविलेला अर्धा तास संध्याकाळी गेला, वर खिडकीही गेली.

तिची स्वतःची सूचना याच्या उलट आहे, आणि मला ती अधिक शहाणपणाची वाटते. ती तशीही सव्वानऊला कार्यालयात असते. शिपाई साडेनऊला येऊन दार उघडतो, तोवर ती जिन्यातल्या बाकावर बसते आणि नंतर पावणेदहापर्यंत टेबल पुसते. जिची हजेरी सव्वानऊला लागली तिला पावणेसहाला सोडावे. जिची पावणेदहाला लागली तिला सव्वासहाला. साडेआठ तास दोघींचेही पुरे. हजेरीच्या यंत्रात मिनिटांची नोंद होतेच. गाडी वेळेवर आली त्या दिवशी ती सव्वासहाची गाडी धरून आठ-पस्तीसला घरी पोहोचेल. गाडी अडकली त्या दिवशी सूट खर्च होईल आणि ती नेहमीसारखी थांबेल. न लागलेली सूट आज बाकावर वाया जाते, ती तिच्या घरी जाईल, एवढाच फरक. अडचणी आहेत. दार अर्धा तास आधी उघडावे लागेल. वरिष्ठांकडून फायली संध्याकाळीच खाली येतात आणि सहाला बाहेर पडणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे संशयाने पाहण्याची रीत आहे. जनतेची ये-जा असलेल्या खिडकीवर हे जमणार नाही. तथापि तिचे काम आवक-जावक आणि आस्थापनेचे आहे. तेथे न जमण्याचे कारण मला तरी दिसत नाही. तिने तोंडी विचारून पाहिले होते. ‘एकीला दिले तर सगळे मागतील’ असे उत्तर मिळाले. सगळे सव्वानऊला येऊन मागणार असतील तर बिघडले कोठे, हे तिने विचारले नाही.

सध्या तिच्यापुढे वेगळाच पेच आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्याने पदोन्नतीचा आदेश आला आहे आणि नेमणूक वांद्र्याच्या कार्यालयात आहे. घरच्यांना आनंद झाला. नकाशावर वांद्रे जवळ दिसते. तिने पुन्हा कागद घेतला. सकाळी तीच सातची गाडी, नऊला वीस मिनिटे असताना दादर. पूल चढून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर, वांद्र्यापर्यंत दहा मिनिटे, पुढे चालणे, कार्यालयात सव्वानऊ. संध्याकाळी सव्वासहाला निघून वांद्रे, दादर, पूल, सातला दहा कमी. मुंबईहून पावणेसातला सुटलेली गाडी सातच्या सुमारास दादरला येते. म्हणजे गाडी तीच, घरी पोहोचण्याची वेळही तीच, पगार वाढलेला. मात्र दादरला ती गाडी भरून आलेली असते. जागा नाही. पदोन्नती नाकारली तर पुढच्या यादीपर्यंत थांबावे लागणार, आणि तेव्हा नेमणूक कोठे मिळेल याची शाश्वती नाही.

मागच्या शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर मुंबईला गाडीत न बसता ती मुद्दाम दादरला आली आणि पुढच्या गाडीची वाट पाहत तेथेच चढून पाहिली. ठाण्यापर्यंत वरची कडी धरून उभी. तेथे एका बाईंना ‘कुठे उतरणार?’ असे विचारून तिने जागा सांगून ठेवली, त्या डोंबिवलीला उतरल्या तेव्हा चौथी सीट मिळाली. कल्याणला नीट बसता आले. त्यानंतर झोप लागली नाही, कारण आसनगाव चाळीस मिनिटांवर आणि तेथून पुढे जाऊन कसाऱ्याला जागे होण्याची भीती. रुजू होण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे. काल संध्याकाळी ती भेटली तेव्हा त्यातले सहा दिवस गेले होते, आणि कागदावर ‘दादर–डोंबिवली, उभी’ असे लिहून पुढे तिने काहीच लिहिलेले नव्हते.